लहान शाळेचे स्वॉट विश्लेषण आणि प्राधान्यक्रम: शाळा व्यवस्थापन समितीसाठी मार्गदर्शक

जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत स्वॉट विश्लेषण केले जाते तेव्हा बहुतेक वेळा एकाच प्रकारचा कागद तयार होतो. बलस्थानांच्या रकान्यात ‘मेहनती शिक्षक’, उणिवांच्या रकान्यात ‘निधीची कमतरता’, संधींच्या रकान्यात ‘ग्रामस्थांचे सहकार्य’ आणि धोक्यांच्या रकान्यात ‘इंग्रजी माध्यमाच्या शाळा’ असे लिहिले जाते, सर्वांच्या सह्या होतात आणि कागद फाइलला लागतो. तालुक्यातील कोणत्याही शाळेचे नाव वर घातले तरी तो कागद चालून जातो, आणि त्यातून जूनपासून नेमके काय करायचे हे ठरत नाही. याचे कारण चर्चेची सुरुवात मतांपासून होते हे आहे. लहान शाळेपुढचा मूळ प्रश्न पटाचा असतो, आणि पट हा अंदाजाचा नव्हे तर बराचसा मोजता येणारा विषय आहे. म्हणून या लेखात आधी पुढील तीन वर्षांचा पट मांडून मग चार रकान्यांकडे वळण्याची पद्धत दिली आहे.

समजण्यासाठी एक कल्पित पण कोकणात सहज आढळेल अशी शाळा घेऊ. चार वाड्यांचे गाव, पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक, त्यांतील एकाकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभार आणि पट २७: पहिलीत ६, दुसरीत ५, तिसरीत ८ आणि चौथीत ८. आवारातच अंगणवाडी आहे. गावातील बरीच कुटुंबे मुंबईला आहेत, आणि तालुक्याच्या गावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी दोन वाड्यांपर्यंत येते.

पूर्वतयारी: कागद आणि घरभेटी

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी याच समितीवर आहे. हा आराखडा तीन वर्षांचा असून त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा असतो, आणि तो आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी किमान तीन महिने आधी तयार व्हावा अशी अपेक्षा आहे. त्यामुळे विश्लेषणाची बैठक नोव्हेंबरमध्ये घेणे सोयीचे ठरते. ग्रामपंचायतीचा पुढील वर्षाचा विकास आराखडाही साधारण याच काळात आकार घेत असतो, त्यामुळे शाळेची मागणी त्यात वेळेवर जाऊ शकते. फेब्रुवारीत केलेली मागणी बहुधा पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

बैठकीपूर्वी मुख्याध्यापकांनी पाच गोष्टी टेबलावर ठेवाव्यात: गेल्या तीन वर्षांत दिलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांची यादी, हजेरीपत्रकावरून काढलेली इयत्तावार सरासरी उपस्थिती, यू-डायस प्लस या शासनाच्या शालेय माहितीप्रणालीत भरलेली भौतिक सुविधांची माहिती, शाळा अनुदानाची कीर्द आणि अंगणवाडी सेविकेकडून घेतलेली तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांची वाडीवार यादी. यांपैकी शेवटची यादी सर्वांत महत्त्वाची असूनही ती बहुतेक समित्यांनी पाहिलेलीच नसते.

याशिवाय प्रत्येक मुलाची वाचनपातळी तपासून घ्यावी. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांवर एकेका मुलाला स्वतंत्रपणे वाचायला लावले, तर २७ मुलांची तपासणी दोन सकाळींत होते. मजकूर पाठ्यपुस्तकातील नसावा, कारण पाठ झालेला धडा मूल पुस्तकाकडे न पाहताही ‘वाचते’. तपासताना शिक्षकांसोबत समितीतील एखादा पालक बसावा. शिक्षकांवर अविश्वास म्हणून नव्हे, तर पुढे आकड्यांबद्दल गावात कोणी विचारले तर उत्तर देणारा गावातलाच माणूस असावा म्हणून.

ज्या घरांतील मुले गाडीने बाहेरच्या शाळेत जातात त्या घरी दोन महिला सदस्यांनी जाऊन बोलावे. शिक्षक गेले तर पालक संकोचाने ‘शाळा चांगलीच आहे हो, पण आमचं आपलं...’ एवढ्यावर थांबतात. विचारण्याचे प्रश्न मोजकेच ठेवावेत: मूल बाहेर घालायचे कधी ठरले, ते घरात कोणी ठरवले, आपल्या शाळेत नेमके काय कमी वाटले, आणि गाडी व फी मिळून वर्षाला किती खर्च येतो. यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या साऱ्या नियोजनाची दिशा ठरवते.

पटाचा तीन वर्षांचा अंदाज

आपल्या उदाहरणातील गावात पुढील जूनमध्ये पहिलीत येण्याच्या वयाची ८ मुले आहेत, त्याच्या पुढील वर्षी ५ आणि तिसऱ्या वर्षी ६. सर्व मुले शाळेत आली असती तर चिंता नव्हती. परंतु घरभेटींतून असे दिसते की ८ पैकी ३ मुले आजच गाडीने बालवर्गात जात आहेत, ५ पैकी एक गेले आहे आणि एका घरात चर्चा चालू आहे, तर सर्वांत लहान ६ मुले अजून अंगणवाडीतच आहेत. आजवरच्या अनुभवावरून त्यांतील दोघे जातील असे धरावे लागते.

म्हणजे काहीही न बदलल्यास पहिलीत अनुक्रमे ५, ३ आणि ४ मुले येतील. पुढील वर्षी चौथीतील ८ मुले बाहेर पडून ५ आत आली की पट २४ होतो. दुसऱ्या वर्षी आजच्या तिसरीतील ८ बाहेर आणि ३ आत, म्हणजे १९. तिसऱ्या वर्षी आजच्या दुसरीतील ५ बाहेर आणि ४ आत, म्हणजे १८. आता दुसरी बाजू पाहू. चर्चा चालू असलेले घर शाळेकडे वळले आणि अंगणवाडीतील सहाही मुले शाळेत आली, तर पट अनुक्रमे २४, २० आणि २१ राहतो. दोन्ही चित्रांतील फरक फक्त तीन मुलांचा आहे. ती मुले कोणत्या वाडीत, कोणत्या घरात राहतात हे समितीला ठाऊक असते.

वीस हा आकडा इथे उगाच येत नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला, आणि कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांच्या नेमणुकीबाबत २०२४ मध्ये काढलेले आदेश पुढे बदललेही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. पण पट विसाच्या आसपास आला की दुसरे पद टिकेल का, हा प्रश्न दरवर्षी संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे मंजूर होण्याच्या, वेळी उभा राहतो. समितीने चालू वर्षाचा आदेश केंद्रप्रमुखांकडून मागून घ्यावा, ऐकीव माहितीवर अवलंबून राहू नये.

या मांडणीतून निघणारी सर्वांत उपयोगी गोष्ट अशी की पहिलीचा पट पहिलीत ठरत नाही. खासगी शाळा तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला बालवर्गात घेते, आणि एकदा गाडीत बसलेले मूल सहाव्या वर्षी सहसा परत येत नाही. मे महिन्यात घरोघरी फिरून राबवलेल्या पटनोंदणी मोहिमेचा लहान गावात फारसा परिणाम का दिसत नाही, याचे उत्तर इथे आहे: ती मोहीम अडीच-तीन वर्षे उशिरा पोहोचते.

चार रकाने भरणे

बलस्थाने आणि उणिवा या शाळेच्या आत असतात, संधी आणि धोके बाहेर. एखादी गोष्ट कुठे लिहायची याबद्दल वाद झाला तर ‘हे बदलणे शाळेच्या किंवा समितीच्या हातात आहे का’ असे विचारावे. ‘हो’ असेल तर ती आतली गोष्ट आहे. प्रत्येक ओळीला एक पुरावा असावा आणि एका रकान्यात पाचपेक्षा जास्त ओळी नसाव्यात.

लहान गावातील बैठकीची एक अडचण अशी की सरपंच किंवा मुख्याध्यापक प्रथम बोलले की बाकीचे माना डोलावतात. म्हणून चर्चेआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर प्रत्येक रकान्यासाठी दोन गोष्टी लिहाव्यात, आणि ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी शेजारच्या सदस्याला सांगून लिहून घ्याव्यात. चिठ्ठ्या नावाशिवाय वाचल्या की शौचालयाबद्दल किंवा शिक्षकांच्या गैरहजेरीबद्दल जे तोंडावर बोलले जात नाही, ते बाहेर येते.

आपल्या शाळेत बलस्थानांच्या रकान्यात ‘मेहनती शिक्षक’ याऐवजी ‘चौथीतील ८ पैकी ७ मुले गोष्ट वाचतात’ असे लिहिले गेले. हे वाक्य तपासता येते आणि पालकाला सांगता येते. दुसरे बलस्थान म्हणजे २७ मुलांना दोन शिक्षक, तिसरे म्हणजे आवारातील अंगणवाडी. मात्र चौथीच्या वाचनाचे श्रेय मुख्यतः एका शिक्षिकेच्या पद्धतीला असेल, तर त्या ओळीपुढे ‘व्यक्तीवर अवलंबून’ अशी खूण करावी. त्यांची बदली झाली की बलस्थानही जाते, आणि मग त्यांची पद्धत दुसऱ्या शिक्षकांनी शिकून घेणे हेच एक काम ठरते.

उणिवा तीन निघाल्या. दुसरीतील ५ पैकी ३ मुले अजून अक्षरांवर अडकली आहेत. बैठका, प्रशिक्षण आणि निवडणुकीच्या कामांमुळे वर्षातील बरेच दिवस एकाच शिक्षकाला चारही वर्ग सांभाळावे लागतात. ते किती, हे हजेरीवरून मोजावे. मुलींच्या शौचालयाला मार्चपासून पाणी नसते. घरभेटींत दोन आयांनी हेच कारण सांगितले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुरुष सदस्यांच्या यादीत शौचालय बहुधा नसते.

संधींच्या रकान्यात सर्वांत जास्त घोळ होतो. ‘तिसरा शिक्षक मिळावा’ किंवा ‘नवीन इमारत व्हावी’ या इच्छा आहेत, संधी नव्हेत. संधी म्हणजे बाहेर आजच अस्तित्वात असलेली आणि आपण अजून न वापरलेली गोष्ट. या गावात तशा तीन आहेत: गणपती आणि शिमग्याला गावी येणारे मुंबईतील ग्रामस्थ मंडळ, ग्रामपंचायतीकडे पाणी व स्वच्छतेसाठी असणारा निधी, आणि फी न परवडल्याने किंवा अभ्यास न झेपल्याने दुसरी-तिसरीत परत येणारी मुले. जनरल रजिस्टर पाहिल्यावर गेल्या तीन वर्षांत अशी दोन मुले आल्याचे दिसले. कोणी बोलावलेले नसतानाही ती आली होती.

धोक्यांच्या रकान्यात गाडी, स्थलांतर, शिक्षकांची बदली आणि कमी पटाबाबतचे धोरण येईल. प्रत्येक धोक्यापुढे तो केव्हा येईल हे लिहावे. ‘पट कमी होणे’ असे लिहून कोणी हलत नाही, ‘दुसऱ्या वर्षी पट १९’ असे लिहिले की बैठकीचा सूर बदलतो.

रकान्यांची जोडणी

चार रकाने भरून थांबणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कृती निघते ती एका रकान्यातील ओळ दुसऱ्या रकान्यातील ओळीला जोडल्यावर. सगळ्या जोड्या करण्याची गरज नसते. ज्या जोड्यांतून ‘कोण काय करेल’ असे वाक्य तयार होते तेवढ्याच घ्याव्यात.

बलस्थान आणि धोका यांची जोडी पाहू. चौथीतील मुले चांगले वाचतात, आणि तीन वर्षांच्या मुलांचे पालक गाडीकडे पाहत आहेत. हे पालक शाळेत कधी येतच नाहीत, कारण त्यांचे मूल अजून शाळेत नाही. म्हणून शिमग्याच्या सुट्टीत, गाव भरलेले असताना, अंगणवाडीच्या पालकांसमोर वाचन ठेवावे: पालकांपैकी कोणीही त्या दिवसाचे वर्तमानपत्र उघडून एखादा परिच्छेद दाखवावा आणि मुलाने तो वाचावा. नाच-गाण्यांच्या स्नेहसंमेलनातून शाळेचे कौतुक होते, पण मूल शिकेल की नाही ही पालकाची शंका त्यातून फिटत नाही. त्यासोबत अंगणवाडीतील मुलांना आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास पहिलीच्या वर्गात गोष्ट ऐकायला आणावे. आवार एकच असल्याने यासाठी निधी लागत नाही, फक्त अंगणवाडी सेविका आणि पहिलीच्या शिक्षकांनी वेळ जुळवायला हवी.

इंग्रजीचा प्रश्न या जोडीत येतोच. अशा वेळी ‘सेमी-इंग्रजी सुरू करणे’ असा ठराव करण्याचा मोह होतो. माझे मत असे की, दोन्ही शिक्षकांना इंग्रजीतून गणित शिकवण्याचा आत्मविश्वास नसेल आणि त्यांतील एकाची बदली दोन वर्षांत संभवत असेल, तर हा ठराव करू नये. सुरू होऊन बंद पडलेले सेमी-इंग्रजी शाळेची पत अधिक घालवते. त्याऐवजी सर्व २७ मुलांना एकत्र बसवून रोज वीस मिनिटे इंग्रजी बोलण्याचा तास घ्यावा. मोठ्या शाळेला हे करता येत नाही, लहान शाळेला येते.

संधी आणि उणीव यांच्या जोडीत मुंबईकर मंडळ येते. मंडळे बहुधा टीव्ही संच, कपाट किंवा रंगकाम देतात, कारण त्यावर नाव लिहिता येते. समितीने आधीच नेमकी मागणी तयार ठेवली नाही, तर दुसरा टीव्ही येतो. आपल्या शाळेची गरज दुसरीच्या मुलांजवळ रोज एक तास बसून वाचून घेणाऱ्या गावातील शिकलेल्या मुलीच्या किंवा सुनेच्या मानधनाची आहे. ती शिक्षकाची जागा घेत नाही, आणि शिक्षक गैरहजर असताना वर्गाची जबाबदारी तिच्यावर टाकू नये. तिचे काम शिक्षकांनी दिलेल्या मजकुराचे वाचन करून घेण्यापुरते असावे. देणगी समितीच्या बँक खात्यात जमा करून पावती द्यावी आणि मानधन ठरावानुसार काढावे. रोखीचा व्यवहार अजिबात नको.

प्राधान्य कसे ठरवावे

जोड्यांतून सात-आठ कामे निघतात, तरी आराखड्यात तीनच ठेवावीत. दोन शिक्षक आणि महिन्यातून एकदा भेटणारी समिती एवढ्या मनुष्यबळात चौथे काम मागे पडते आणि त्यासोबत पहिले तीनही ढिले होतात. निवड करताना प्रत्येक कामाला विचारावे: निर्णय आपल्या हातात आहे का, दोन वर्षांत पटावर किंवा वाचनावर त्याचा परिणाम दिसेल का, आणि पैसे नेमके कोणत्या खात्यातून येतील.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना शाळेच्या हाताशी किती रक्कम असते याची कल्पना हवी. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे, आणि त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी खर्च करायचे असतात. प्रत्यक्षात रक्कम हप्त्याने आणि उशिरा येऊ शकते. म्हणून पाण्याची टाकी आणि नळजोडणी या अनुदानातून करण्याचा विचार सोडून ती मागणी ग्रामपंचायतीकडे द्यावी. पाणी-स्वच्छतेच्या निधीला चालू वर्षी कोणता नियम लागू आहे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून विचारून घ्यावे, आणि विषय ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवला गेल्याची प्रत शाळेत ठेवावी. तोंडी होकार नोंदीशिवाय पुढे सरकत नाही.

या कसोट्यांवर आपल्या शाळेची तीन कामे ठरली: अंगणवाडीतील सहा मुले आणि विचारात असलेले एक घर टिकवणे, दुसरीतील तीन मुलांना मार्चपर्यंत परिच्छेदाच्या पातळीवर आणणे, आणि पुढील मार्चपूर्वी शौचालयाला पाणी आणणे. संरक्षक भिंत, संगणक आणि सेमी-इंग्रजी वगळले गेले. वगळलेली कामे कारणासह इतिवृत्तात लिहावीत, नाहीतर पुढच्या बैठकीत ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर येतात.

आराखड्यात नोंद आणि आढावा

शाळा विकास आराखड्यात इयत्तावार पटाचा अंदाज, शिक्षकांची गरज, भौतिक सुविधा आणि लागणारा निधी हे मुद्दे द्यावेच लागतात. पटाचे गणित आधीच झालेले असल्याने पहिला मुद्दा तयार आहे. प्रत्येक कामापुढे एका सदस्याचे नाव लिहावे, ‘समिती’ असे लिहू नये. दुसरीच्या वाचनापुढे वर्गशिक्षकांसोबत एका पालकाचे, पाण्यापुढे ग्रामपंचायतीत ऊठबस असणाऱ्या सदस्याचे आणि अंगणवाडीपुढे त्या वाडीतील आईचे नाव असावे.

आढावा दर तीन महिन्यांनी पुरेसा आहे. वाचन पुन्हा तपासताना मजकूर नवा घ्यावा. तिन्ही मुले एकाच महिन्यात दोन पायऱ्या चढलेली दिसली तर आनंद मानण्याआधी अनोळखी परिच्छेद देऊन पाहावे. अंगणवाडीच्या कामात मुलांच्या भेटी किती झाल्या यापेक्षा त्या सहा घरांपैकी कोणी बालवर्गाची चौकशी केली का, हे विचारावे; गावात ते लपत नाही. डिसेंबरअखेर ग्रामपंचायतीच्या आराखड्यात पाण्याचे काम आलेले नसेल तर मार्चची वाट न पाहता मंडळाकडे तीच मागणी न्यावी.

काही शाळांत पटाचे दुसरे, चांगले चित्रही वीसच्या खालीच राहते, कारण गावात मुलेच नसतात. तिथे पट वाढवण्याची उद्दिष्टे लिहून शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. अशा समितीने आपल्या पहिल्या प्राधान्यात शाळा जोडली जाण्याची शक्यता गृहीत धरून माहिती जमवावी. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. म्हणून प्रत्येक वाडीपासून जवळच्या दुसऱ्या शाळेपर्यंतचे चालत जाण्याचे अंतर, वाटेतील ओढे आणि ते पावसाळ्यात किती दिवस ओलांडता येत नाहीत, आणि गाडी येऊ शकेल असा रस्ता कुठपर्यंत आहे हे वाडीवार नोंदवून आराखड्याला जोडावे आणि त्याची पोच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्यावी. हा कागद आदेश येण्यापूर्वी दाखल झालेला असला, तर वाहतुकीची सोय केल्याशिवाय शाळा हलवू नका असे म्हणायला समितीकडे आधार असतो.